शिरोरेषा स्पष्ट, काने मात्र दुहेरी: पानं पुन्हा पुन्हा धूसर येतात तेव्हा टू-डी एफएफटीत काय बघावं

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर आम्ही जुन्या हिशेबवह्यांची छायाचित्रं काढत होतो. एका पेढीच्या मोडीतल्या रोजकीर्दी, बोरूने लिहिलेल्या, कागद तपकिरी पडलेला. उभ्या खांबावर कॅमेरा, खाली वही, दोन बाजूंना एलईडीचे मंद दिवे. ४०० डीपीआयच्या हिशेबाने अंतर बसवलेलं, म्हणजे कागदावरच्या एका मिलिमीटरला साधारण पावणेसोळा पिक्सेल. दिवसाला चारेकशे पानं व्हायची, आणि त्यातली तीस-चाळीस धूसर निघायची. एकदा नाही, रोज.

दुखणं धूसर पानांचं नव्हतं, ती आमच्या तपासणीतून सुटत होती याचं होतं. प्रत्येक पानावर ही एक ओळ चालवायचो:

```python
score = cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var()
```

आकडा ठरावीक उंबरठ्याच्या खाली गेला तर पान धूसर, वर असेल तर ठीक. पण संध्याकाळी मोडी वाचणारे काका पानं उघडून बसले की फोन यायचा, "अहो, सतरावं पान वाचता येत नाहीये. अक्षरं दोन-दोन दिसतायत." आम्ही बघायचो तर सतराव्या पानाचा आकडा उत्तम. उलट, वहीच्या शेवटी फक्त चार ओळींची बेरीज असलेली पानं सुईसारखी तीक्ष्ण असूनही नापास होत होती. उंबरठा वर नेला की चांगली पानं जायची, खाली आणला की खराब पानं आत यायची. दोन आठवडे आम्ही तो आकडाच वरखाली करत बसलो होतो. हाच प्रकार तुमच्याकडे होत असेल तर उंबरठ्याला हात लावू नका. आधी दोन पानांचे स्पेक्ट्रम शेजारी ठेवून बघा.

स्पेक्ट्रम वाचायचा कसा, हे थोडं सावकाश सांगतो, कारण चुका तिथेच होतात. चित्राचा टू-डी एफएफटी काढला की तेवढ्याच आकाराचं दुसरं चित्र मिळतं, तोच स्पेक्ट्रम. त्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची एक लाट: काळं, पांढरं, काळं, पांढरं. असल्या सगळ्या लाटा ठरावीक प्रमाणात एकमेकींवर ठेवल्या की मूळ पान परत तयार होतं. बिंदू केंद्रापासून जितका दूर, तितक्या पट्ट्या बारीक. आणि केंद्रापासून ज्या दिशेला तो आहे, त्या दिशेने चाललं की काळं-पांढरं बदलत जातं. म्हणजे डावी-उजवीकडचा बिंदू उभ्या पट्ट्या सांगतो आणि वर-खालचा बिंदू आडव्या. १०२४ पिक्सेलच्या तुकड्यात केंद्रापासून ९८ घरं उजवीकडे असलेला बिंदू म्हणजे तुकड्याच्या रुंदीत ९८ लाटा, एक लाट सुमारे साडेदहा पिक्सेलची. आमच्या मापात ते दोन-तृतीयांश मिलिमीटर होतं, जवळपास बोरूच्या रेघेच्या जाडीइतकं.

इथे जवळपास प्रत्येक नवशिक्याचा एक गैरसमज होतो. माझ्या भाच्याने स्पेक्ट्रमच्या मध्यभागी प्रखर उजेड बघून विचारलं होतं, "मामा, पानाच्या मधोमध दिव्याचा झोत पडलाय का?" स्पेक्ट्रममधली जागा आणि पानावरची जागा यांचा काही संबंध नाही. मध्यबिंदू म्हणजे सगळ्या पिक्सेलांची बेरीज, म्हणजेच पानाचा सरासरी उजळपणा. त्याच्या आसपासच्या कमी फ्रिक्वेन्सी म्हणजे सावकाश बदलणाऱ्या गोष्टी: एका बाजूला कमी पडलेला प्रकाश, ओलीचा मोठा डाग, कागदाचा फुगवटा. बाहेरच्या जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे झटकन बदलणाऱ्या गोष्टी: शाईच्या रेघेची कड, कागदाचे तंतू, आणि त्यात मिसळलेला सेन्सरचा नॉइज. एका कडेला एकच फ्रिक्वेन्सी नसते, हेही लक्षात ठेवा. काळ्यावरून पांढऱ्यावर एकदम उडी मारायची तर आतल्यापासून अगदी बाहेरच्यापर्यंत सगळ्या लाटा लागतात. म्हणून सरळ कड स्पेक्ट्रममध्ये ठिपका म्हणून दिसत नाही. ती केंद्रातून निघून कडेला काटकोनात लांब जाणारा उजेडाचा पट्टा म्हणून दिसते. चित्र धूसर झालं की या पट्ट्याचं बाहेरचं टोक विझतं. आतला भाग तसाच राहतो, म्हणूनच धूसर पानसुद्धा लांबून बघितलं तर पानच वाटतं.

आता वरचा लाप्लासियनचा आकडा काय मोजतो ते बघा. प्रत्येक लाटेचं बळ घ्यायचं, तिच्या फ्रिक्वेन्सीच्या चौथ्या घाताने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची, साधारण असा तो हिशेब आहे. बाहेरच्या लाटांना प्रचंड वजन, आतल्यांना जवळपास काहीच नाही. पण दिशा कोणती, हे त्याला ठाऊकच नाही. मोडीच्या बाबतीत ही फार मोठी उणीव ठरते. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची, अशी रीत. त्यामुळे पानावर सर्वात ठळक, सर्वात लांब कडा आडव्या असतात, आणि आडव्या कडांचं बळ स्पेक्ट्रममध्ये उभ्या अक्षावर साठतं. आमच्या वहीत दोन ओळींमधलं अंतर १२८ पिक्सेल होतं, म्हणजे साधारण आठ मिलिमीटर. त्यामुळे उभ्या अक्षावर केंद्रापासून ८, १६, २४ घरांवर टपोरे ठिपके, आणि पुढे बाहेरपर्यंत गेलेला उजळ दांडा. कॅमेरा आडवा हलला तर शिरोरेषा स्वतःच्याच अंगावरून सरकते. तिची कड जशीच्या तशी राहते, दांडा उजळ राहतो आणि आकडा भरभक्कम येतो. काने मात्र दोन-दोन होतात. संगणकाच्या पडद्यावर पान छोटं करून बघितलं तरी नजरेला आधी शिरोरेषाच दिसते, ती धारदार असते, आणि माणूसही फसतो. आम्हीही फसलो.

हे कागदावर कळलं, पण स्पेक्ट्रम काढल्यावर पहिल्याच पावलाला अडखळायला झालं. दोन्ही पानांत, चांगल्या आणि खराब, केंद्रातून जाणारं एक मोठं अधिकचिन्ह दिसत होतं. उभा दांडा शिरोरेषेचा म्हणावा, तर आडवा कुठून आला? खराब पानात तर तो विझायला हवा होता. कारण असं की, एफएफटी चित्राचा तुकडा सर्व बाजूंनी परत परत जोडलेला आहे असं धरून चालतो. तुकड्याची उजवी कड डाव्या कडेला चिकटते, खालची वरच्या कडेला. डावीकडे प्रकाश जास्त आणि उजवीकडे कमी असेल तर त्या सांध्यावर एक खोटी, अत्यंत तीक्ष्ण उभी कड तयार होते, आणि ती आडव्या अक्षावर लांब दांडा काढते. पान कितीही धूसर असो, हा दांडा विझत नाही, कारण ही कड पानावर नसतेच. जे पूर्ण चित्राचा एफएफटी काढून "जास्त फ्रिक्वेन्सीचं बळ" मोजतात त्यांचे बरेच आकडे या सांध्याचे असतात, असं माझं मत आहे.

उपाय सोपा आहे. मधला तुकडा घ्या, सरासरी वजा करा आणि कडांकडे हळूहळू शून्यावर जाणारी हॅन विंडो लावा.

```python
import numpy as np, cv2
g = cv2.imread("paan_017.tif", cv2.IMREAD_GRAYSCALE).astype(float)
y, x, N = 1500, 1200, 1024
c = g[y:y+N, x:x+N]
w = np.hanning(N)
c = (c - c.mean()) * np.outer(w, w)
F = np.fft.fftshift(np.fft.fft2(c))
P = np.abs(F)**2
S = np.log1p(np.abs(F))
cv2.imwrite("spectrum.png", (255 * S / S.max()).astype(np.uint8))
```

`fftshift` विसरलात तर कमी फ्रिक्वेन्सी चार कोपऱ्यांत जातात आणि सगळं उलटं वाचलं जातं. `log1p` विसरलात तर काळ्या चौकोनात एखाद-दुसरा ठिपका दिसेल, कारण आतल्या आणि बाहेरच्या बळात काही हजारपटींचा फरक असतो.

विंडो लावल्यावर आडवा दांडा गेला, उभा राहिला. तो खरंच शिरोरेषेचा आहे ना, याची आणखी एक खातरजमा करता येते. एखादं पान थोडं तिरकं ठेवून काढा, दोन-तीन अंश पुरे. पानावरची गोष्ट असेल तर दांडाही तेवढाच तिरका होतो. सांध्यामुळे आलेला असेल तर तो हटवादीपणे सरळच उभा राहतो. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिला गणित लागत नाही.

आता खरी तुलना. चांगल्या पानात उभ्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाचा पसरट ढग होता: काने, वेलांट्या, गोलाई, या सगळ्यांचा मिळून. सतराव्या पानात उभा दांडा तसाच होता, पण ढगावर कोणीतरी उभ्या काळ्या पट्ट्या ओढल्यासारखं दिसत होतं. केंद्राच्या डाव्या-उजव्या बाजूंना सारख्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत सरळ.

पट्ट्यांचा आकार बघूनच बरंच कळतं. भिंग फोकसमधून गेलं असतं तर प्रत्येक बिंदूची छोटी चकती झाली असती. चकतीला दिशा नसते, म्हणून स्पेक्ट्रममध्ये काळी वर्तुळं दिसली असती, एकात एक. पाच पिक्सेल त्रिज्येच्या चकतीचं पहिलं वर्तुळ १०२४ च्या तुकड्यात केंद्रापासून साधारण १२५ घरांवर येतं. आमच्याकडे वर्तुळं नव्हती, सरळ पट्ट्या होत्या. म्हणजे धूसरपणा एकाच दिशेचा होता, आणि पट्ट्या उभ्या, म्हणजे हालचाल आडवी. कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसला आम्ही जे दोन आठवडे शिव्या घातल्या त्या सगळ्या वाया गेल्या.

पट्ट्यांची अंतरं मोजली तेव्हा आणखी काहीतरी हाती आलं. नुसत्या डोळ्यांनी मोजू नका, बाहेरच्या पट्ट्या नॉइजमध्ये बुडतात. एकाच पानाच्या पाच-सहा तुकड्यांचे `P` घेऊन त्यांची सरासरी काढा आणि मग उभ्या दिशेने ती एका रेषेत गोळा करा:

```python
profile = np.log1p(P[532:1000].mean(axis=0))
```

तुकडे एकाच पानाचे हवेत. वेगवेगळ्या पानांची हालचाल वेगवेगळी असते, त्यांची सरासरी काढलीत तर पट्ट्या एकमेकींत मिसळून जातील.

आमच्या आलेखात केंद्रापासून खड्डे आले ते ९८, २२५ आणि ३५३ घरांवर. तिसरा पुसटसा. आता समजा कॅमेरा एका दिशेने एकसारखा सरकला असता, तर? ज्या लाटेची लांबी सरकण्याच्या अंतराइतकीच आहे तिचं काळं-पांढरं पूर्ण एकमेकांत मिसळून ती नाहीशी होते. निम्म्या लांबीची लाटही नाहीशी होते, एक-तृतीयांश लांबीचीही. म्हणजे खड्डे समान अंतरावर यायला हवेत: ९८, १९६, २९४. आमचे तसे नव्हते. पहिला ९८ वर, पण पुढची दोन अंतरं १२७ आणि १२८.

हे गुणोत्तर ओळखीचं आहे. कॅमेरा सरकत नाही तर लंबकासारखा इकडून तिकडे डोलतो, आणि शटर उघडं असताना त्याचे पूर्ण झोके होतात, तेव्हा प्रत्येक लाटेचं बळ बेसेलच्या J₀ या फलनाने गुणलं जातं. त्याची शून्यं २.४०५, ५.५२० आणि ८.६५४ वर येतात. पहिल्याला ९८ धरलं तर दुसरं २२५ आणि तिसरं ३५३ वर पडतं. आमचेच आकडे. कारण समजायला सोपं आहे: डोलणारी वस्तू मधून झपकन जाते आणि दोन्ही टोकांना रेंगाळते. म्हणून डोललेल्या चित्रात रेघ पसरत नाही, तिच्या दोन प्रती होतात, दोन टोकांना एकेक. काका म्हणाले होते "अक्षरं दोन-दोन दिसतायत", ते अगदी शब्दशः खरं होतं. त्यांनी "फासटल्यासारखी" म्हटलं असतं तर आम्ही सरकण्याकडे बघितलं असतं.

झोका किती मोठा होता हेही यातूनच निघतं. मध्यापासून एका टोकापर्यंतचं अंतर A पिक्सेल असेल तर पहिला खड्डा ०.३८३ × १०२४ ÷ A इतक्या घरांवर येतो. ९८ वरून A चार पिक्सेल निघतो, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत आठ पिक्सेल, कागदावर अर्धा मिलिमीटर. पडताळा म्हणून पुढच्या खड्ड्यांमधलं अंतर बघा: १०२४ ला ८ ने भागलं की १२८. दोन्हीकडून एकच उत्तर.

अर्धा मिलिमीटर डोलणारं काय होतं? माडीची जमीन लाकडी. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. माडीच्या दुसऱ्या खोलीत एक बाई गणिताची शिकवणी घेतात, आणि तास संपला की वीसेक पोरं धडाधडा जिना उतरतात आणि तितकीच चढतात. आम्ही फायलींच्या वेळा काढल्या. त्या दिवसाच्या ४१२ पानांपैकी धूसर ३८, आणि त्यातली ३१ शिकवणीचा तास संपण्याच्या आधीची पाच मिनिटं ते नंतरची दहा मिनिटं यांच्यात काढलेली. वेळेचा हा तक्ता आम्ही पहिल्याच दिवशी का काढला नाही, हे विचारू नका.

तरीही खात्री म्हणून भाच्याला जिन्यावर चढ-उतार करायला लावलं आणि खांबाच्या टोकाला फोन बांधून त्यातला हालचालीचा सेन्सर चालू ठेवला. खांब सेकंदाला साधारण आठ झोके घेत होता. आमचं शटर होतं पाव सेकंदाचं, म्हणजे प्रत्येक फोटोत दोन पूर्ण झोके. J₀ इतक्या नेमकेपणाने बसला त्याचं कारण हे. झोका अर्धवट असता, किंवा मध्येच जोरात कमी होत गेला असता, तर खड्डे उथळ झाले असते आणि जागचेही हलले असते. प्रत्येक खराब पानात इतका स्वच्छ हिशेब बसला नाही. सतरावं पान नशिबाने पाठ्यपुस्तकी निघालं.

मग उपाय. पहिला विचार येतो शटर वेगवान करण्याचा. हिशेब करू. आठ झोके आणि चार पिक्सेल A असेल तर मधून जाताना वेग सेकंदाला २०० पिक्सेल होतो. १/६० सेकंदात त्यात सव्वातीन पिक्सेलांची सरक राहते, १/१२५ ला दीडपावणेदोन. १/१२५ चालण्यासारखं होतं. पण पाव सेकंदावरून १/१२५ वर जायचं म्हणजे सुमारे तीसपट प्रकाश, आणि वह्यांच्या मालकांनी मंद दिव्यांची अट घातलेली. फ्लॅशला तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. आयएसओ वाढवला तर नॉइज वाढतो, आणि नॉइज स्पेक्ट्रममध्ये सगळीकडे सारखा पसरतो. अक्षरांचं बळ बाहेरच्या बाजूला कमीच असतं, ते त्यात आधी बुडतं. शिवाय लाप्लासियनचा आकडा बाहेरच्या भागाला जास्त वजन देतो, त्यामुळे नॉइज वाढला की तो आकडा वाढतो आणि पान आणखी तीक्ष्ण असल्याची बतावणी करतो. तो मार्ग सोडला.

आम्ही खांब खाली हलवला. तळमजल्यावर मागच्या पडवीत शहाबादी फरशी आहे, खाली भरीव जमीन. तिथे त्याच खांबाला फोन बांधून पुन्हा बघितलं, पोरं जिन्यावर असताना हालचाल नोंद घेण्याजोगी राहिली नाही. ज्यांना मजला बदलता येणार नाही त्यांनी निदान खांब जमिनीच्या मध्यावरून उचलून भिंतीच्या अगदी कडेला, तुळईच्या टोकाजवळ न्यावा. फळ्या मधोमध जास्त लवतात. आणि पान उलटल्यावर दोन सेकंद थांबून मग शटर दाबावं, कारण आपला स्वतःचा हात टेकल्यानेही खांब डोलतो.

तपासणी मात्र बदलावी लागलीच. आता आम्ही एका आकड्याऐवजी दोन दिशांची तुलना करतो. ८० ते २५० घरांच्या कड्यातलं बळ घ्यायचं. याच्या आत डाग आणि प्रकाशाचा चढउतार, याच्या बाहेर बराचसा नॉइज. त्या कड्यातून आडव्या अक्षाभोवतीची आणि उभ्या अक्षाभोवतीची पाचर वेगळी काढायची:

```python
v, u = np.indices(P.shape) - N // 2
r = np.hypot(u, v)
band = (r > 80) & (r < 250)
H = P[band & (abs(u) > 2 * abs(v))].sum()
V = P[band & (abs(v) > 2 * abs(u))].sum()
print(H / V)
```

या लेखनिकाच्या चांगल्या पानांवर `H / V` ०.६ ते ०.८ येतो. डोललेल्या पानांवर ०.०६ ते ०.१. मधे मोकळं मैदान, उंबरठा कुठेही ठेवा. जुन्या आकड्यात हाच फरक निम्म्यापर्यंतच दिसायचा, कारण `V` जागचा हलत नव्हता, आणि भरगच्च पान व चार ओळींचं पान यांच्यात त्याहून मोठा फरक पडत होता. गुणोत्तरात लिखाण कमी-जास्त असणं बऱ्यापैकी कटून जातं, कारण ओळ कमी झाली की शिरोरेषाही जाते आणि कानेही. चार ओळींची पानं आता पास होतात. फक्त तुकडा लिखाणावर पडला पाहिजे, कोऱ्या कागदाचं गुणोत्तर म्हणजे तंतू आणि नॉइज.

०.६ हा आकडा उचलून तुमच्या पानांना लावू नका. दुसऱ्या हाताचं लिखाण, छापील देवनागरी, शिरोरेषा न लावणारी लिपी, प्रत्येकाचं गुणोत्तर वेगळं. तुमची वीसेक चांगली पानं डोळ्यांनी निवडून त्यावरून ठरवा. आणि हे गुणोत्तर एकटं पुरत नाही. फोकस गेला तर दोन्ही पाचरी सारख्याच विझतात आणि गुणोत्तर सरळ चेहऱ्याने ०.७ सांगतं. त्यासाठी `V` स्वतःच किती आहे तेही बघावं लागतं. हालचाल उभी असेल तर शिरोरेषाच पसरते, `V` पडतो आणि गुणोत्तर वर उडतं. तिरक्या हालचालीत पट्ट्याही तिरक्या येतात आणि दोन पाचरींना ती अर्धवटच कळते. आमचा खांब एकाच दिशेला डोलत होता म्हणून इतक्यात भागलं.

फायली कुठून येतात याकडेही बघा. आम्ही कॅमेऱ्याच्या मूळ फायलींतून टिफ काढत होतो. जेपेगवर हे करणार असाल तर आठ-आठ पिक्सेलच्या ठोकळ्यांमुळे अक्षांवर १२८, २५६, ३८४ घरांवर ठिपके दिसतात. आमच्या खड्ड्यांचं अंतरही योगायोगाने १२८ आलं, आणि एकाने तोच संशय काढला होता. पण ठोकळ्यांच्या खुणा उजळ असतात आणि ठरलेल्या घरांवर असतात. आपल्याला शोधायच्यात काळ्या पट्ट्या, आणि त्या पानागणिक जागा बदलतात. कॅमेऱ्यातलं आपोआप शार्पनिंगही बंद ठेवा, ते बाहेरचा भाग आधीच फुगवून ठेवतं.

राहिली आधीची धूसर पानं. भाच्याचं म्हणणं होतं, झोका किती हे कळलंय तर उलटा भागाकार करून पान परत मिळवू. J₀ ने गुणलं गेलंय, J₀ ने भागू. ९८ च्या आसपास तो शून्याला टेकतो. तिथे पानाचं बळ गेलेलंच आहे, उरलाय तो नॉइज, आणि त्याला जवळपास शून्याने भागलं की सगळं पान उभ्या पट्टेदार लुगड्यासारखं होतं. करून बघितलं, तसंच झालं. वीनर पद्धतीने भागाकाराला लगाम घातला तर पट्टे जातात, दुहेरी काने बऱ्यापैकी एक होतात, पण बोरूच्या रेघेच्या जाडीची जी लाट गेली ती गेलीच. शिवाय ९८ ते २२५ च्या मधे J₀ ऋण असतो. त्या पट्ट्यातल्या लाटा विझत नाहीत, उलट्या होतात, काळ्याच्या जागी पांढरं. मूळ धूसर चित्रात काही कान्यांच्या मधोमध जी पांढुरकी रेघ दिसते ती हीच. तिथे शार्पनिंग केलं की ती खोटी रेघ आणखी ठसठशीत होते, आणि मोडीत एखादी जास्तीची रेघ म्हणजे रकमेतला फरक. काकांनी एकदा चार आण्यांचा घोळ त्यावरूनच पकडला. आम्ही सगळी पानं पुन्हा काढली.

खाली आल्यापासून नव्या तपासणीने एकच वही सबंध अडवली. तिच्या पानांचा `H / V` १.४ ते १.९, म्हणजे उभी हालचाल असल्यासारखा. खांब तपासला, फरशी तपासली, काही नाही. `V` बघितला तर तोही अगदी पहिल्यासारखाच होता, म्हणजे शिरोरेषा शाबूत, वाढलेला होता तो `H`. स्पेक्ट्रममध्ये आडव्या अक्षावर एक बारीक, लांब, उजळ दांडा होता, विंडो लावूनही न गेलेला. पान तीन अंश फिरवून काढलं, दांडा तीन अंश फिरला. मग वही हातात घेऊन तिरप्या उजेडात धरली: त्या वहीत रकान्यांसाठी रेघा आखलेल्या नव्हत्या, कागदाला उभ्या घड्या घालून सळ पाडलेले होते, आणि आमच्या बाजूच्या दिव्यांनी प्रत्येक सळाची एक धारदार सावली पाडली होती. तुकडा दोन सळांच्या मधून ५१२ चा घेतला, कड्याचे आकडे निम्मे केले, आणि गुणोत्तर ०.७ वर आलं.